म्यूट की अर्काइव्ह? सोसायटीच्या ग्रुपांचं काय करायचं हे ठरवताना

घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायटीत राहणाऱ्याला व्हॉट्सॲपचे ग्रुप टाळता येत नाहीत. सोसायटीचा एक, विंगचा एक, शाळेच्या वर्गातल्या पालकांचा एक, आणि ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून वाशीला जात असाल तर लोकलमधल्या मंडळींचाही एक. बाहेर पडणं हा खरा पर्याय नसतो. हल्ली गुपचूप बाहेर पडता येतं, तरी ॲडमिनला कळतंच, आणि गेल्या ६० दिवसांत कोण कोण गेलं त्याची यादी ग्रुपमधल्या सगळ्यांना बघता येते. पुन्हा दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तीच माणसं भेटतात. त्यामुळे प्रश्न उरतो तो ग्रुपमध्ये राहून डोकं शांत कसं ठेवायचं एवढाच.

बहुतेकजण आधी म्यूट करतात, मीही तेच केलं होतं. आठ तास, एक आठवडा किंवा Always, यातलं Always निवडलं की आवाज बंद. रात्रीपुरती किंवा मॅचपुरती शांतता हवी असेल तर आठ तासांचा पर्याय छान आहे, आणि त्यासाठी मी तो अजूनही वापरतो. पण कायमचा उपाय म्हणून म्यूट मला पटला नाही, आणि त्याचं कारण एकच आहे.

म्यूट केलेला ग्रुप गप्प बसतो, पण जागचा हलायचा थांबत नाही. कोणी ‘गुड मॉर्निंग’चं फूल टाकलं की तो चॅटच्या यादीत सगळ्यांच्या वर येतो. पाठोपाठ पालकांचा ग्रुप वर येतो, त्याच्यावर विंगचा. सकाळी लोकलमध्ये उभं राहून बायकोला ‘ऐरोली गेलं’ एवढं कळवायला व्हॉट्सॲप उघडावं, तर तिचं चॅट या तिघांच्या खाली गेलेलं. वर न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसतोच. तो दिसला की बोट आपोआप ग्रुपवर जातं आणि पार्किंगच्या वादात शिरतं. त्रास आवाजाचा नव्हता, तो डोळ्यांसमोर सतत वर येणाऱ्या नावाचा होता, आणि म्यूटमध्ये त्यावर काहीच सोय नाही. मोजके ग्रुप असणाऱ्यांना हे जाणवणारही नाही कदाचित. तीन चॅट पिन करून ठेवता येतात, त्यावर भागत असेल तर म्यूट पुरेसा आहे.

अर्काइव्हचं काम नेमकं इथे आहे. ग्रुपवर बोट दाबून धरा आणि वर दिसणाऱ्या खालच्या बाणाच्या खोक्यावर टॅप करा. आयफोनवर चॅट डावीकडे सरकवून Archive निवडायचं. ग्रुप मुख्य यादीतून जातो आणि नवे मेसेज आले तरी परत येत नाही. २०२१च्या आधी येत असे, म्हणून अनेकांच्या मनात अजून ‘अर्काइव्हला काही अर्थ नाही, ते परत वर येतं’ असंच बसलंय. आता Settings मधल्या Chats मध्ये Keep chats archived नावाचं बटण आहे, ते चालू असलं म्हणजे झालं. तुमचा ग्रुप नवा मेसेज येताच मुख्य यादीत उडी मारत असेल, तर हे बटण बंद आहे असं समजा. दुसरीकडे कुठे शोधू नका.

अर्काइव्ह केल्यावर म्यूट वेगळा करावा लागत नाही, नोटिफिकेशन येतच नाही. अपवाद दोनच: कोणी @ लावून तुमचं नाव घेतलं, किंवा तुमच्या मेसेजला रिप्लाय दिला. मग नोटिफिकेशन येतं आणि Archived च्या ओळीवर @ दिसतं. हा अपवाद मला फार सोयीचा वाटतो, कारण माझ्याकडे खरंच काम असणारा माणूस माझ्यापर्यंत पोचतो. मात्र वाढदिवसाच्या मेसेजखाली तुम्ही अभिनंदन लिहिलंत आणि कोणी त्यालाच रिप्लाय दिला, तर तेही वाजणार.

आता अर्काइव्हची खरी कमजोरी सांगतो. समजा सेक्रेटरींनी संध्याकाळी लिहिलं, ‘उद्या सकाळी ९ ते संध्याकाळी ५ पाणी बंद, टाक्या भरून ठेवा.’ त्यात तुमचं नाव नाही. म्हणजे नोटिफिकेशन नाही, आणि ग्रुप वरही येणार नाही. ठाण्यात राहणाऱ्याला असा मेसेज चुकणं परवडत नाही. म्यूटवाले म्हणतील, बघा, आमच्याकडे निदान वर तरी आला असता. बरोबर आहे, पण त्याच्यामागोमाग केक, फुगे आणि चाळीस ‘हॅपी बर्थडे’ आले तर तो मेसेज म्यूटमध्येही तितकाच खाली जातो. ग्रुप वर दिसतो, मेसेज दिसत नाही.

आमच्या सोसायटीत यावर निघालेला मार्ग मला सगळ्यात चांगला वाटतो. नोटिसांसाठी वेगळा ग्रुप, आणि त्यात फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग. पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स एवढंच तिथे येतं. तो ग्रुप मी उघडा ठेवलाय, आवाजासकट. गप्पांचा ग्रुप मात्र अर्काइव्हमध्ये. तुमच्याकडे असा वेगळा ग्रुप नसेल आणि कमिटी ऐकत नसेल, तर रात्री जेवणानंतर Archived उघडून एक नजर टाकायची सवय लावावी लागेल. ते जमणार नसेल तर सोसायटीचा तेवढा एक ग्रुप म्यूटवर राहू द्या आणि बाकीचे अर्काइव्ह करा.

स्टार या दोघांच्या स्पर्धेत नाहीच, पण त्याच्याशिवाय अर्काइव्ह अपुरं पडतं. ग्रुप नजरेआड गेल्यावर त्यातलं कामाचं काही पाहिजे झालं की शोधाशोध होते. म्हणून वाचतानाच मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि वरचा तारा दाबायचा. मी टँकरवाल्याचा नंबर, मेंटेनन्स भरायच्या खात्याचा तपशील आणि लिफ्टच्या माणसाचा संपर्क एवढ्यांनाच तारा लावतो. सगळ्यांना लावला की ती यादीसुद्धा दुसरा ग्रुप होऊन बसते, कारण तिथे विषयवार कप्पे नाहीत. एका ग्रुपपुरतेच तारे हवे असतील तर ग्रुपच्या नावावर टॅप करून आतल्या Starred messages मध्ये जा. तिथे फक्त त्याच ग्रुपचे दिसतात. कोणी काय स्टार केलंय हे दुसऱ्याला कळत नाही.

ताऱ्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. पीडीएफला तारा लावला पण ती फोनवर उतरवून घेतली नाही, तर काही आठवड्यांनी ती उघडत नाही आणि पाठवणाऱ्याला परत मागावी लागते. त्यामुळे पार्किंगचा नकाशा किंवा सभेचं इतिवृत्त आधी डाउनलोड करा, मग तारा. आणि ग्रुपमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग चालू असेल, तर तारा लावलाय म्हणून तो टिकेल असं धरून चालू नका. तिथे मेसेज Keep करावा लागतो, आणि ज्याने तो पाठवला त्याला ते नाकारता येतं. टँकरवाल्याचा नंबर अशा ग्रुपमध्ये आला असेल, तर तो सरळ कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करा.