के-टाइप थर्मोकपल, ६ मिमी शीथ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गरम हवेच्या डक्टमध्ये बसवला तेव्हा हा थर्मोकपल ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास दाखवायचा. तिसऱ्या महिन्यापासून आकडा हळूहळू उतरत गेला आणि ५०० वर येऊन स्थिरावला. इंधन तेवढंच, हवाही तेवढीच. थर्मोकपल गेला असं समजून काढला आणि कॅलिब्रेशनच्या भट्टीत घातला, तर ५०० ला ५०१ दाखवतोय! म्हणजे तो ठणठणीत होता.

फरक डोळ्यांसमोरच होता. बसवताना चकचकीत असलेली शीथ आता काळपट, खरखरीत झाली होती.

थर्मोकपल फक्त स्वतःच्या टोकाचं तापमान सांगतो. भट्टीत चारही बाजूंना तेवढंच तापमान असतं, त्यामुळे तिथे चूक दिसत नाही. डक्टची भिंत मात्र ३०० अंशांवर होती. टोकाला वायूकडून उष्णता मिळते आणि ते ती प्रारणाने भिंतीकडे घालवतं. पृष्ठभाग काळवंडला की उत्सर्जकता वाढते, टोक जास्त उष्णता गमावतं आणि आकडा उतरतो. दोन्ही बाजूंचा हिशेब जुळवला की खरं तापमान मिळतं:

```
Tg = Tt + ε·σ·(Tt⁴ − Tw⁴) / h
```

Tg वायूचं, Tt टोकाचं आणि Tw भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान; ε म्हणजे शीथची उत्सर्जकता, σ हा स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांक आणि h म्हणजे वायूकडून टोकाला उष्णता मिळण्याचा गुणांक. घात करताना तिन्ही केल्व्हिनमध्येच हवीत, मी पहिल्यांदा घाईत सेल्सिअस घातले होते. टोक ७७३, भिंत ५७३, काळ्या शीथची उत्सर्जकता ०.८ धरली, तर दर चौरस मीटरला साधारण ११,३०० वॅट बाहेर जातात. वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर असताना या जाडीला h सुमारे १३० येतो. भागाकार ८७. म्हणजे वायू ५०० नव्हे, ५८७ अंशांवर होता! नव्या शीथला उत्सर्जकता ०.३ धरली तर त्याच वायूत आकडा ५४३ येतो, आणि मला सुरुवातीला जवळपास तेवढाच दिसत होता.

या दुरुस्तीवर डोळे झाकून विसंबू नका. h चा अंदाज २० टक्के चुकला तर ८७ चे ७२ होतात किंवा १०९. म्हणून दुरुस्ती करण्याआधी चूकच कमी केलेली बरी. मी टोकाभोवती दोन्ही तोंडं उघडी असलेली पातळ स्टीलची नळी प्रवाहाच्या दिशेत बसवली. आता टोकाला थंड भिंतीऐवजी वायूनेच तापलेली नळी दिसते, आणि वाचन ५४८ वर गेलं. उरलेल्या फरकासाठी सूत्र आहेच, फक्त Tw च्या जागी नळीचं तापमान घालायचं.

पंखा अर्ध्या वेगावर आला की h सुमारे ३० टक्क्यांनी घटतो आणि चूक पुन्हा वाढते. म्हणून पंख्याच्या प्रत्येक वेगासाठी दुरुस्तीचा वेगळा आकडा काढून मी पॅनेलच्या दारावर चिकटवला आहे. शीथ घासून साफ केली की ते आकडे पुन्हा काढतो.