फुटलेले बटरक्रीम: ऊब द्यावी की गारवा?

स्विस मेरिंग बटरक्रीम म्हणजे अंड्याचा पांढरा आणि साखर गरम करून फेटलेल्या फेसात, म्हणजे मेरिंगमध्ये, बटर घालून केलेले केकचे क्रीम. ते फुटले, तर त्याला ऊब द्यायची की ते गार करायचे, हे भांड्यात काय दिसते त्यावरून ठरवावे, कारण उलटा उपाय केल्यास बिघाड वाढतो. या क्रीममध्ये अंड्याच्या पांढऱ्यातले पाणी बटरच्या स्निग्धांशात बारीक थेंबांनी धरलेले असते आणि बटर साधारण १८ ते २१ अंश सेल्सिअसला, म्हणजे मऊ पण घट्ट असतानाच, ते नीट धरते.

फ्रीजमधून नुकतेच काढलेले बटर घातले, तर ते कडक राहून त्याचे कण होतात, पाणी बाहेर पडते आणि फाटलेल्या दुधासारखे दाणे दिसतात. अशा वेळी पाव भाग क्रीम वेगळे काढून पातळ होईपर्यंत वितळवावे आणि मिक्सर चालू ठेवून धारेने परत ओतावे. कडेचे पाणी हळूहळू आत ओढले जाऊन क्रीम गुळगुळीत होते.

याउलट मेरिंग कोमट असतानाच बटर घातले, तर क्रीम चकचकीत आणि ओघळणारे होते. ते भांड्यासकट दहा-पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटावे. मला हा उपाय अधिक जपून करावासा वाटतो, कारण जास्त वेळ ठेवल्यास कडेचे बटर गोठून पुन्हा दाणे पडतात.

बोटांत चोळल्यावर वाळूसारखे खरखरीत लागणारे दाणे मात्र न विरघळलेल्या साखरेचे असतात. त्यांच्यावर यांपैकी कोणताही उपाय चालत नाही.