शाखा उघडण्याआधीचं स्वॉट आणि पेस्ट: चौदा महिने वापरल्यानंतर

वापर: ऑगस्ट २०२४ पासून. आमचं फरसाणचं मूळ दुकान नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शाखा तिथून ३४ किलोमीटरवरच्या एमआयडीसीच्या गावात. दीर कढई सांभाळतात, हे माल पोचवतात आणि हिशेब माझ्याकडे असतो. स्वॉट म्हणजे धंद्याच्या ताकद, कमजोरी, संधी आणि धोके यांचे चार चौकोन, आणि पेस्ट म्हणजे बाहेरच्या परिस्थितीचे राजकीय, आर्थिक, सामाजिक आणि तांत्रिक असे चार रकाने. एका सल्लागाराला १८,००० रुपये देऊन आम्ही हा कागद करून घेतला होता. ते पैसे मला आजही टोचतात.

आधी माझी मुख्य तक्रार. आर्थिक रकान्यात एकच शब्द होता, 'महागाई'. धोक्यांच्या चौकोनातही तोच शब्द, फक्त 'वाढती महागाई' असा. त्या शब्दाने आमचं किती नुकसान केलं ते आकड्यांनी सांगते.

आमच्याकडे १०० किलो शेवेला साधारण ३० किलो तेल लागतं, म्हणजे १५ किलोचे दोन डबे. ऑगस्टमध्ये डबा १,६२० रुपयांना मिळत होता. शाखेचा हिशेब असा मांडला होता: भाडं १८,०००, दोन माणसांचा पगार २६,०००, वीज ४,०००, टेम्पो १२,०००, असा महिन्याला ६०,००० खर्च. माल शाखेत पोचेपर्यंतचा बाकीचा सगळा खर्च वजा जाता किलोमागे ५० रुपये उरणार होते. म्हणजे महिन्याला १,२०० किलो विकला की बरोबरी, आणि आमचा अंदाज होता १,५०० किलोचा. ३०० किलोची फट पुरेशी वाटली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात करारनाम्यावर सह्या झाल्या, अनामतही दिली.

१४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेलं. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली होता, शेतकऱ्यांची ओरड चालू होती, निवडणूक तोंडावर होती. आम्ही दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, शाखा उघडली तेव्हा डबा २,०४० वर होता. डब्यामागे ४२० रुपये, म्हणजे १०० किलो मालामागे ८४०, किलोमागे ८ रुपये ४० पैसे. ५० चे ४१ रुपये ६० पैसे झाले आणि बरोबरीचा आकडा १,२०० वरून थेट १,४४० किलोवर गेला. ३०० किलोची फट ६० किलोवर आली, तीही दुकानाचं शटर पहिल्यांदा उघडण्याच्या आत. भाव वाढवता आला नाही, कारण समोरच्या जुन्या दुकानदाराकडे आधीच्या भावाचं तेल भरलेलं होतं आणि दिवाळीपर्यंत त्याने पाटी बदलली नाही.

हे शुल्क वाढेल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं, हे मला मान्य आहे. पण आमच्या खर्चातली कोणती वस्तू सरकारच्या एका अधिसूचनेवर हलते, हे सांगता आलं असतं. फरसाणवाल्याला ते शोधायला पाच मिनिटं लागतात. 'महागाई' ऐवजी 'तेलाचा डबा, १,६२०. १,८०० च्या वर गेला तर बरोबरीचा आकडा १,२९० च्या पुढे' असं लिहिलं असतं, तर आम्ही सही करण्याआधी व्यापाऱ्याकडे निदान दिवाळीपुरते डबे बांधून घेतले असते. महागाई या शब्दावर काहीच करता येत नाही. डब्यावर करता येतं.

ताकदीच्या चौकोनाबद्दलही बोलते. तिथे पहिली ओळ होती 'गरम, ताजा माल' आणि दुसरी 'चाळीस वर्षांचं नाव'. दोन्ही खऱ्या, पण मूळ दुकानापुरत्या. संध्याकाळी पाचला भाऊजी कढईवर सोऱ्या धरतात आणि वास रस्त्यापर्यंत जातो, ही ताकद त्या जागेची आहे. शाखेत माल सकाळी टेम्पोने बंद डब्यात येतो. नाव तर ३४ किलोमीटरवर कुणाला माहीत असणार? पहिल्याच आठवड्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, टेम्पोत माल चढतो, कढई चढत नाही." त्या दिवसापासून ताकदीच्या प्रत्येक ओळीपुढे मी तेवढंच विचारते: ही टेम्पोत चढते का? पाककृती चढते, तेलवाल्याची पंधरा दिवसांची उधारी चढते, पॅकिंगचं यंत्र चढतं. गरम शेव, ओळखीचं गिऱ्हाईक आणि भाऊजींचा हात चढत नाही. नऊ ओळींपैकी चार उरल्या.

आता राजकीय रकाना. तिथे लिहिलं होतं, 'विधानसभा निवडणूक, अनिश्चितता'. डिसेंबरपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की हा रकाना आपल्यासारख्यांसाठी नाही. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला निकाल लागला, आमची विक्री दोन-तीन दिवस हलली आणि परत जागेवर आली. दिवाळीनंतर किलोमागे १० रुपये वाढवले, नफा परत ५० च्या आसपास आला, विक्री १,४०० किलोवर होती. वाटलं, सुटलो.

जानेवारीत शाखेसमोरचा रस्ता काँक्रिटीकरणासाठी खोदला.

इथे माझं मत बदललं. काम अचानक निघालं नव्हतं. निविदा उन्हाळ्यात निघाली होती, कार्यादेशही झाला होता. पण १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, आणि कार्यादेश झाला असला तरी जागेवर सुरू न झालेलं काम आचारसंहितेत सुरू करता येत नाही. म्हणून ते निकालानंतर सरकलं आणि जानेवारी ते एप्रिल असं आमच्या दारात आलं. निवडणुकीचा आमच्यावर झालेला खरा परिणाम हा होता. राजकीय रकाना चुकीचा नव्हता, आम्ही त्यात मुंबईकडे बघत होतो आणि बघायचं होतं गटाराच्या कडेला. गावात तेव्हा बऱ्याच दिवसांपासून प्रशासक होता, त्यामुळे एक बाजू तरी चालू ठेवा म्हणून सांगायला वॉर्डात नगरसेवकही नव्हता. विक्री ९०० किलोवर आली. ४५,००० सुटायचे आणि ६०,००० जायचे, म्हणजे चार महिने दरमहा पंधरा हजार मूळ दुकानाने भरले.

हे आधी कळलं असतं का? हो. mahatenders.gov.in वर गावाचं नाव टाकून निविदा पाहता येतात. नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन 'या रस्त्याचा कार्यादेश झालाय का' एवढं विचारता येतं. आणि शेजारच्या सायकलवाल्याला हे ठाऊकच होतं, त्याच्या ओट्यावर मोजणीच्या लाल खुणा उन्हाळ्यापासून होत्या. आम्ही त्या खुणांवर पाय ठेवून जागा बघितली होती.

एप्रिलमध्ये मी कागद नव्याने केला, या वेळी फुकट, घरच्या वहीत. नियम एकच: प्रत्येक ओळीत वस्तू, आजचा आकडा, कुठे तपासायचं आणि पुढे कधी तपासायचं, या चार गोष्टी नसतील तर ती ओळ खोडायची. मूळ कागदावर एकतीस ओळी होत्या, वहीत अकरा राहिल्या. १९९७ साली दोन ब्रिटिश संशोधकांनी कंपन्यांचे स्वॉट तपासून हेच नोंदवलं होतं: लांब याद्या, मोघम शब्द, कशाला किती महत्त्व याचा पत्ता नाही आणि नंतर त्या कुणी वापरल्याही नाहीत. हे मला १८,००० देण्याआधी वाचायला मिळायला हवं होतं.

सामाजिक रकाना भरायला मी दोन दिवस शाखेच्या ओट्यावर बसले. पूर्वी तिथे 'नोकरदार वर्ग, बदलती जीवनशैली' असं काहीतरी होतं. प्रत्यक्षात दिसलं ते असं: पाळी सकाळी सातला आणि दुपारी तीनला बदलते, आम्ही उघडत होतो नऊला. आमच्या गावात गर्दी रविवारी, तिथे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. पगार सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतात आणि खोली करून राहणारी मुलं पाव किलो घेत नाहीत, शंभर ग्रॅम घेतात. आम्ही सव्वासहाला उघडायला लागलो, शंभर ग्रॅमची पाकिटं ठेवली आणि जास्तीचा माल रविवारऐवजी बुधवारी पाठवला. रस्ता मोकळा झाल्यावर जूनमध्ये १,३५० आणि ऑगस्टमध्ये १,६०० किलो विक्री झाली. मनापासून आनंद झाला तो इथे.

वहीचा दुसरा उपयोग ऑगस्टमध्ये झाला. पाकिटबंद फरसाणला १२ टक्के जीएसटी आणि सुट्याला ५ टक्के, ही ओळ मी धोक्यात लिहिली होती, कारण आमची विक्री सुट्याकडून पाकिटांकडे सरकत होती. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटीत दिवाळीपर्यंत बदल होणार असं सांगितलं, त्याच आठवड्यात आम्ही किंमत छापलेल्या पिशव्यांचे रोल मागवणार होतो. वहीतली ओळ बघून ती ऑर्डर थांबवली आणि साध्या पिशव्यांवर लेबल लावून काम चालवलं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला, २२ पासून पाकिटबंदही ५ टक्क्यांवर. छापून बसलो असतो तर ४०,००० चे रोल अंगावर आले असते. ती ओळ त्या दिवशी धोक्यातून संधीत हलवली.

वापरावं का? सही करण्याआधी वापरा, नंतर नाही. दुसऱ्याकडून भरून घेऊ नका. बाहेरच्या माणसाला तुमचा डबा माहीत नसतो. चारही चौकोन सारखे भरायच्या नादी लागू नका, आमच्या वहीत 'तांत्रिक' रकान्यात एकच ओळ आहे, यूपीआयच्या साउंडबॉक्सचं नेटवर्क, आणि तेवढी पुरते. एक मर्यादा मात्र वहीनेही सुटली नाही: ती काय बघायचं हे सांगते, केव्हा घडेल हे सांगत नाही. म्हणून आमची वही गल्ल्याशेजारी असते आणि महिन्याच्या पाच तारखेला मी तेलवाल्याला फोन करते.

तिसऱ्या जागेचा मालक दिवाळीपासून टोकन मागतोय. जागा चौकातली आहे, भाडं परवडतं, ह्यांना फार आवडली आहे. वहीत त्या जागेच्या नऊ ओळी पूर्ण आहेत. दहावीपुढे 'समोरच्या रस्त्याचा कार्यादेश' लिहिलंय आणि आकड्याची जागा रिकामी आहे. सोमवारी बांधकाम विभागात जाऊन येते, तोवर टोकन दिलेलं नाही.