१,३४९ चं रिफंड मागायला गेले आणि १८,४९९ घालवून बसले

सोसायटीतल्या निम्म्या लोकांची लाइट बिलं मी मोबाइलवरून भरून देते. अडाणी नाही मी. तरी गंडले.

कॅश ऑन डिलिव्हरीने मागवलेला कुर्ता लहान आला, परत केला. रोख दिलेल्या पैशांना परत जायला कार्डही नसतं, खातंही नसतं. ॲपमध्ये खातं आणि आयएफएससी आपणच भरायचं. ते भरलं होतं. नऊ दिवस झाले तरी पैसे नाहीत, म्हणून नेटवर शोधून कस्टमर केअरचा नंबर लावला. नंबर कधीही ॲपमधूनच घ्या.

"ताई, कॅशची ऑर्डर ना? रिफंड वॉलेटमधून टाकावं लागेल." ऑर्डर काय, रक्कम किती, सगळं त्याने मलाच विचारलं, मीच सांगितलं, आणि नंतर मलाच वाटलं की याला सगळं माहीत आहे! मग नावात 'refund' असलेला यूपीआय आयडी पाठवला आणि म्हणाला, रकमेच्या चौकटीत रिफंड कोड टाका, १८४९९.

मी विचारलंसुद्धा, "ही तर रक्कम दिसतेय." "सिस्टीमला कोड तसाच लागतो, ताई." पिनच्या पानावर वर ₹१८,४९९ आणि कुणा अनोळखी माणसाचं नाव स्पष्ट दिसत होतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली, तो "लवकर करा, सेशन संपेल" म्हणत होता, आणि मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः शेजारच्या काकूंना शिकवलंय.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लागायला चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात पैसे पुढे कुठे गेले असतील कोण जाणे. तुम्ही फोन लावता लावताच cybercrime.gov.in वर तक्रार टाका, व्यवहाराचा बारा आकडी नंबर हाताशी ठेवा. पोलीस ठाण्यात म्हणाले, "ऑनलाइन केलीत ना, मग झालं." बँकेत गेले तर साहेब मान वर न करता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात." रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात ग्राहकाच्या चुकीने गेलेले पैसे बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्याच माथी, तेवढं मात्र त्यांना तोंडपाठ! तक्रारीची पोच मागितली तर "मेल करा". मेलला उत्तर आलं, "शाखेत संपर्क साधा". तीन चकरा झाल्या, तिन्ही वेळा वेगळी खिडकी.

आणि खरं रिफंड अडकलं कशाने? ॲपमध्ये ऑर्डर उघडली तर बँकेच्या तपशिलाखाली लाल अक्षरांत 'आयएफएससी चुकीचा'. त्यातलं पाचवं अक्षर शून्य असतं, मी इंग्रजी ओ टाकला होता. दुरुस्त केला आणि तिसऱ्या दिवशी १,३४९ खात्यात. यूटीआर नंबरसकट मेसेज आला, ना पिन, ना फोन. घरी अजून फक्त एवढंच सांगितलंय की कुर्त्याचे पैसे आले.