HWiNFO64: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्रोसेसरचं तापमान बघायला मी बरेच महिने HWiNFO64 वापरतोय. मशीन साधं आहे: इंटेलचा आय५-१२४०० आणि वर टॉवर प्रकारचा एअर कूलर. सॉफ्टवेअर फुकट आहे. उघडताना Sensors-only वर टिक केली की थेट आकड्यांचा तक्ता समोर येतो.

पहिल्यांदा तो तक्ता बघून माणूस गांगरतो, कारण तापमानाच्याच कितीतरी ओळी असतात. इंटेलवर CPU Package ही ओळ धरा, एएमडीवर CPU (Tctl/Tdie). मदरबोर्डच्या गटात नुसतं CPU लिहिलेली आणखी एक ओळ असते, ती बोर्डवरच्या चिपकडून येते आणि बऱ्याचदा जुळत नाही. तिथेच AUXTIN नावाची ओळ शंभराच्या पुढे अडकून बसलेली दिसली तर घाबरू नका. त्या जागी बहुतेकदा सेन्सर जोडलेलाच नसतो.

आता आकडे. डेस्कटॉप नुसता चालू असताना ३० ते ४५ अंश, गेम खेळताना ५५ ते ७५ आणि सगळे कोअर पूर्ण राबत असताना ६५ ते ८५ हे साधारण ठीक. लॅपटॉप लोडखाली नव्वदीत जातात, त्यात नवल नाही. रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर तर पूर्ण लोडवर ९५ पर्यंत जातील असेच बनवलेले आहेत. ब्राउझर उघडताना क्षणभर १०-१५ अंशांची उडी दिसते, तीही नेहमीचीच. म्हणून Maximum पेक्षा Average चा रकाना जास्त खरं सांगतो.

पण कूलिंग बिघडतंय का, हे अशा सरसकट पट्ट्यांवरून कळत नाही. त्यासाठी तीन आकडे एकत्र लागतात: तापमान, त्या वेळी प्रोसेसर किती वीज खातोय ते सांगणारी CPU Package Power आणि खोलीचं तापमान. शेवटचं हे सॉफ्टवेअर देत नाही, त्यामुळे टेबलावर साधा थर्मामीटर ठेवावा लागतो. मला याची हीच एक मोठी उणीव वाटते.

माझ्याच मशीनचं उदाहरण घ्या. कूलर नवा असताना खोली २६ अंश होती. सगळे कोअर राबवणारी सिनेबेंच ही चाचणी दहा मिनिटं चालवल्यावर पॉवर ७० वॅट आणि तापमान ६३, म्हणजे खोलीपेक्षा ३७ ने जास्त. काही महिन्यांनी खोली ३१ वर असताना तेवढ्याच ७० वॅटला ८२ दिसले. खोली पाच अंशांनी तापली म्हणून ६८ पर्यंत जायला हरकत नव्हती, वरचे १४ मात्र कूलिंगचे. ८२ हा आकडा एकटा बघितला असता तर तो नेहमीच्या पट्ट्यातच बसत होता.

आयडलला, म्हणजे मशीन नुसतं चालू असताना, तर काहीच जाणवत नव्हतं. आधी २६ च्या खोलीत ३३, आता ३१ च्या खोलीत ४०. फरक जेमतेम दोन अंशांचा. कारण उघड आहे: आयडलला प्रोसेसर दहा-एक वॅटच खातो. ७० वॅटला १४ अंश वाढवणारा अडथळा १० वॅटला दोनच अंश वाढवणार. म्हणून आयडलचा आकडा बघून ‘कूलर मस्त आहे’ म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

बिघाड कुठे आहे ते तापमान कसं चढतं यावरून कळतं. आकडे किती वेळाने ताजे होतात ते ठरवणारा Polling Period दोन सेकंदांवरून एकवर आणा, लोड सुरू करा आणि ओळीवर नजर ठेवा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकली असेल किंवा कूलर नीट टेकला नसेल, तर तापमान पहिल्या एक-दोन सेकंदांतच खूप वर उसळतं आणि लोड थांबताच तितक्याच झटक्यात खाली येतं. हीटसिंकमधून हवा जात नसेल तर सुरुवातीची उडी आधीसारखीच असते, मग काही मिनिटं आकडा हळूहळू चढत राहतो आणि नंतर उतरायलाही वेळ घेतो.

माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. पंख्याचा आरपीएमही नेहमीचा होता, म्हणजे पंखा ठीक, हवेची वाट बंद. क्लिपा काढून पंखा बाजूला केला तर हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा जाड थर बसलेला होता, समोरून पंख्यामुळे तो दिसतच नव्हता. मऊ ब्रश आणि हवेच्या फवाऱ्याने साफ केलं. फवारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती वेगात फिरू देऊ नका. पेस्टला हातही लावला नाही. त्याच ३१ च्या खोलीत, ७० वॅटला, तापमान ६९ वर आलं.

इतकं थांबायचं नसेल तर Core Thermal Throttling ची ओळ बघा. तिथे Yes आलं की प्रोसेसर मर्यादेला टेकून वेग कमी करतोय. १२४०० ची मर्यादा १०० अंश आहे. एअर कूलर लावलेल्या डेस्कटॉपवर ६५-७० वॅटला तिथे Yes दिसलं, तर मशीन बंद करून आधी पंखा फिरतोय का आणि कूलरचे स्क्रू घट्ट आहेत का ते तपासा.