पेडेस्टल ग्राइंडरच्या चाकाचा जेएसए: पावसाळ्यापासून वापरतोय, म्हणून लिहितोय

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. मोठ्या गिऱ्हाइकाचा ऑडिट होता, म्हणून एका सल्लागाराकडून जेएसए, म्हणजे कामाच्या पायऱ्या आणि त्यातले धोके लिहिलेले कागद, करून घेतले. त्यातला 'ग्राइंडरचं चाक बदलणे' हा लॅमिनेट करून मशीनशेजारी टांगला. तीन रकाने: पायरी, धोका, उपाय. पैसे कागदाच्या मानाने जास्तच घेतले.

पहिल्या दिवशीच डोकं फिरलं. प्रत्येक ओळीच्या उपायात 'गॉगल, हातमोजे' छापलंय. चाक हाताळताना हातमोजे चालतील, पण फिरत्या चाकाजवळ हातमोज्याचं टोक अडकलं तर पाठोपाठ बोटंही जातात. टेस्ट रनच्या ओळीतले हातमोजे मी पेनने खोडले. दुसरी ओळ म्हणे 'योग्य आरपीएमचं चाक वापरावे'. आता योग्य म्हणजे किती, हे हेल्परला कसं कळणार? आमच्या मोटरच्या प्लेटवर २८५० आहे, तोच आकडा तिथे लिहिला. चाकावर छापलेला कमाल आरपीएम त्यापेक्षा कमी असेल तर चाक बसवायचं नाही, एवढं सोपं आहे. १९४८च्या जुन्या फॅक्टरी कायद्याचं ३०वं कलमही ग्राइंडिंग मशीनजवळ चाकाच्या सुरक्षित वेगाची पाटी लावायला सांगत होतं. सल्लागाराला हे माहीत नसेल असं वाटत नाही. सगळीकडे तोच कागद खपवायचा, तर आकडा टाकून कसं चालेल?

'चाक वाजवून पाहा' ही ओळ मात्र मी नुसती शोभेची समजत होतो. नवीन चाक, डब्यातून आलेलं, वाजवायचं कशाला? तरी दिवाळीआधी आमच्या पोराने कागदाप्रमाणे केलं. कोरडं चाक भोकातून बोटावर टांगलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने कडेपासून दीड इंच आत हलकेच ठोकलं. उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, मग चाक थोडं फिरवून पुन्हा. एक बाजू खणखणीत, दुसरी भद्द. उजेडात निरखलं तर भोकाजवळ केसाएवढी चीर. दुकानदाराने बिल नाही म्हणून बदलून दिलं नाही, ते वेगळंच. पण २०० मि.मी.चं चाक २८५० वर फिरतं तेव्हा कडेचा वेग सेकंदाला ३० मीटरच्या आसपास जातो. ते फुटलं असतं तर? या एका ओळीने कागदाचे पैसे वसूल झाले, हे मान्य. फक्त रेझिनचं चाक असं खणखणत नाही, त्यावरून ते फेकून देऊ नका. हे त्या ओळीत लिहिलेलं नाही.

आता माझं खरं भांडण. शेवटची पायरी: 'वर्क रेस्ट व चाक यातील अंतर ३ मि.मी. ठेवावे.' वर्क रेस्ट म्हणजे धार लावताना वस्तू टेकवायचा आधार. आकडा बरोबर आहे, पण ओळ भलत्याच कागदावर आहे. चाक बदललं त्या दिवशी अंतर ३ असतं. मग चाक झिजतं, रेस्ट जागेवरच राहतो. २०० चं चाक १८५ वर आलं की त्रिज्या साडेसात मि.मी.ने कमी होते आणि अंतर होतं साडेदहा. आमच्याकडे त्याच फटीत एक छोटी चावी खेचली गेली. चाकाला झटका बसून टवका उडाला, ऑपरेटरचं नख सोललं. कागदाप्रमाणे सगळं केलेलं होतं! 'बदलणे' या कामाचा जेएसए चाक बसवून गार्ड लावला की संपतो. हा धोका त्यानंतर, रोज धार लावताना, थोडाथोडा वाढतो. पायऱ्या पाडताना काम कुठे संपतं हेच चुकलं, तर रकाने कितीही नीट भरले तरी उपयोग काय?

सल्लागाराला फोन केला. म्हणाला, "सर, तो वेगळा जेएसए होईल, वेगळा चार्ज." मी फोन ठेवला. स्क्रॅपमधून ३ मि.मी.च्या पत्र्याची पट्टी कापली, साखळीने मशीनला बांधली. सकाळी मशीन बंद असताना फटीत घालून बघायची. सैल गेली तर रेस्ट पुढे सरकवून घट्ट करायचा, चाक फिरत असताना मुळीच नाही. 'धार लावणे' असा हाताने लिहिलेला नवा कागद टांगलाय आणि पहिली ओळ या पट्टीची आहे. वरचा जीभ-गार्ड, म्हणजे गार्डच्या तोंडावरची सरकती पट्टी, चाकापासून ६ मि.मी.च्या आत, ती दुसरी. खर्च साखळीचा, बाकी शून्य.

चाक बदलणाऱ्याला तो छापील कागद घ्यायला मी नको म्हणणार नाही. नटाच्या ओळीत डाव्या बाजूचे आटे उलटे असल्याचं स्पष्ट लिहिलंय, टेस्ट रनला एक मिनिट बाजूला उभं राहायला सांगितलंय, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या काढू नका हेही आहे. ड्रिल मशीनचा जेएसए मात्र मी मशीनपाशी उभा राहून स्वतः लिहिणार आहे. सल्लागाराचं कोटेशन टेबलावर पडलंय, तसंच पडू दे.