लॅब रिपोर्टच्या फोटोवरून शीट: लेन्स, एक्सेल की हाताने?

घरात मधुमेहाचं किंवा किडनीचं माणूस असलं की रिपोर्टचा गठ्ठा वाढत जातो. आमच्या आत्या तासगावला राहतात. नेहमीच्या तपासण्या गावातल्या लॅबमध्ये होतात आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं असलं की मिरजेत. दोन लॅब, दोन छपाया आणि व्हॉट्सॲपवर आलेले वाकडेतिकडे फोटो. डॉक्टर विचारतात, "मागच्या वेळी क्रिएटिनिन किती होतं?" तेव्हा गठ्ठा उपसत बसण्यापेक्षा एक शीट असावी आणि कमी-जास्त निकाल तिनेच दाखवावेत, ही गरज खरी आहे. फोटोतले आकडे शीटमध्ये आणायचे तीन रस्ते आहेत. त्यातला तुमचा कुठला, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून हे लिहितो आहे.

आधी लॅबला पीडीएफ मागून बघा. बऱ्याच लॅब देतात, आणि त्यातले आकडे थेट कॉपी होत असतील तर फोटो वाचायचा प्रश्नच उरत नाही. कागदच असेल तर तो सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, सावली न पाडता फोटो काढा आणि फक्त तक्ता राहील असा कापा. नाव, वय, फोन नंबर कापून टाकायचं कारण म्हणजे लेन्स आणि एक्सेल या दोन्ही सोयींत फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकतो.

गूगल लेन्स सगळ्यात सोपं वाटतं: मजकूर निवडा, कॉपी करा, गूगल शीट्समध्ये पेस्ट करा. पण लेन्स तक्त्याच्या ओळी राखेलच असं नाही. पुष्कळदा चाचण्यांची नावं एका गठ्ठ्यात येतात आणि निकाल दुसऱ्या. त्यात एखाद्या चाचणीच्या नावाखाली बारीक अक्षरात पद्धत छापलेली असली, की नावांच्या बाजूला एक ओळ जास्त होते आणि तिथून खालचे सगळे निकाल एकेक घर सरकतात. क्रिएटिनिनचा आकडा युरियासमोर बसतो. दोन-चार ओळी हव्या असतील तर लेन्स ठीक आहे. पूर्ण रिपोर्टसाठी मी ते वापरणार नाही.

एक्सेलमध्ये यासाठीच वेगळी सोय आहे. फोनच्या ॲपमध्ये Data from Picture, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ असलेल्या कॉम्प्युटरवर Data टॅबमध्ये From Picture. ही सोय रकाने ओळखते आणि ज्या घराबद्दल शंका आहे ते रंगवून तुम्हाला तपासायला लावते. तीस-चाळीस ओळींच्या रिपोर्टला हिचा खरा फायदा होतो. मात्र शंका न येता चुकीचा वाचलेला आकडा ती रंगवत नाही.

आणि शेवटचा रस्ता म्हणजे हाताने टाइप करणं. डॉक्टर ज्यावर लक्ष ठेवतात त्या चाचण्या बहुतेक पाच-सहाच असतात. तेवढ्यासाठी फोटो, कापणं, तपासणं हा सगळा व्याप टाइप करण्यापेक्षा जास्त वेळ खातो.

कुठलाही रस्ता घेतला तरी शीटची रचना एकच ठेवा: प्रत्येक निकालाला स्वतंत्र ओळ, आणि त्याच ओळीत त्या रिपोर्टवर छापलेली किमान व कमाल मर्यादा वेगवेगळ्या घरांत. मर्यादा एकदाच वर लिहून सगळ्या तारखांना लावण्याचा मोह टाळा. लॅबचं मशीन आणि पद्धत बदलली की मर्यादाही बदलू शकते. बायकांच्या क्रिएटिनिनला एक लॅब ०.६ ते १.१ छापते, दुसरी ०.५ ते ०.९. निकाल १.० असेल तर पहिल्या कागदावर तो ठीक आणि दुसऱ्यावर जास्त. एककाचंही तेच आहे. प्लेटलेट कुठे २.४५ लाख असतात, तर कुठे २४५ हजार.

समजा, मिरजेच्या रिपोर्टमधून या ओळी आल्या:

| चाचणी | निकाल | किमान | कमाल |
|---|---|---|---|
| हिमोग्लोबिन | ९.८ L | १२.० | १५.० |
| पोटॅशियम | ३.८ | ३.५ | ५.१ |
| क्रिएटिनिन | १.३ H | ०.६ | १.१ |

हिमोग्लोबिन उघडउघड कमी आहे. पण निकालापुढचं L त्याच घरात आल्यामुळे एक्सेल त्याला आकडा न मानता मजकूर मानतं, आणि मजकुराची आकड्याशी तुलना केली की एक्सेलमध्ये मजकूर नेहमी मोठा ठरतो. त्यामुळे साधं सूत्र लावलं तर ९.८ पुढे "जास्त" असं येतं! गूगल शीट्समध्येही हाच प्रकार होतो. क्रिएटिनिनपुढे "जास्त" आलं ते बरोबर आहे, पण निव्वळ योगायोगाने. म्हणून सूत्राने आधी आकडा खरंच आकडा आहे का ते पाहायला हवं. रकाने तारीख, लॅब, चाचणी, निकाल, एकक, किमान, कमाल या क्रमाने असतील तर आठव्या रकान्यात हे टाका:

```
=IF(D2="","",IF(OR(NOT(ISNUMBER(D2)),COUNT(F2:G2)=0,COUNT(F2:G2)<COUNTA(F2:G2)),"तपासा",IF(AND(F2<>"",D2<F2),"कमी",IF(AND(G2<>"",D2>G2),"जास्त","ठीक"))))
```

निकालात किंवा मर्यादेत अक्षर शिरलं असेल, किंवा दोन्ही मर्यादा रिकाम्या असतील, तर हे "तपासा" म्हणतं. एचडीएलसारख्या चाचणीला फक्त किमान मर्यादा असते. तिथे कमालचं घर रिकामं सोडा, सूत्र चालतं. मर्यादा अखंड पेस्ट करू नका. इओसिनोफिलची "1-6" ही मर्यादा एक्सेल तारीख समजतं आणि घरात १ जून दिसायला लागतो. एचबीए१सीपुढे तर तीन पातळ्या छापलेल्या असतात, त्यातली कुठलीच मधुमेह असलेल्या माणसाचं लक्ष्य नसते. तिथे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा कमालमध्ये लिहा.

आता पोटॅशियमकडे परत बघा. कागदावर ते ३.३ होतं, म्हणजे कमी. फोटोत तीनचा आठ झाला आणि शीटने शांतपणे "ठीक" म्हटलं. दशांशचिन्ह गळून ७.४ चे ७४ झाले तर डोळ्यांना लगेच खुपतं, पण हे खुपत नाही. म्हणून फक्त "कमी", "जास्त" किंवा "तपासा" आलेल्या ओळी तपासणं पुरत नाही. "ठीक" आलेल्याही कागदाशी ताडून बघायच्या. काही ठिकाणी बेरीज मदतीला येते. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मोनोसाइट, बेसोफिल यांच्या टक्केवारीची बेरीज १०० यायला हवी, आणि डायरेक्ट व इनडायरेक्ट बिलिरुबिन मिळून टोटल. पोटॅशियमला असा कुठलाच आधार नाही, तिथे कागदच बघावा लागतो.

तेव्हा माझा सल्ला असा: जुना गठ्ठा एकदाच शीटमध्ये आणायचा असेल किंवा रिपोर्ट लांबलचक असेल, तर एक्सेलची सोय घ्या आणि एकाने कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने स्क्रीन बघावी. दर तीन महिन्यांनी त्याच पाच-सहा चाचण्या असतील तर हाताने टाइप करा. तासगावच्या शीटसाठी मी हेच निवडलं. मागच्या वेळच्या ओळी कॉपी करायच्या, तारीख आणि निकाल बदलायचे, मर्यादा व एकक नव्या कागदाशी जुळतात का ते बघायचं.

शीटने "कमी" किंवा "जास्त" म्हटलं म्हणून घाबरून औषध स्वतःच कमी-जास्त करू नका. या मर्यादा बहुतेक अशा ठरवलेल्या असतात की निरोगी माणसांपैकी साधारण ९५ टक्के त्यांच्या आत बसतात. म्हणजे वीस चाचण्या केल्या तर धडधाकट माणसाचीही एखादी बाहेर जाऊ शकते. डॉक्टरांना दाखवताना एकाच चाचणीच्या ओळी तारखेनुसार लावून न्या. १.०, १.१, १.३ असं चढत गेलेलं क्रिएटिनिन त्यांना एका "जास्त" शेऱ्यापेक्षा जास्त सांगतं.